तणाव व्यवस्थापन कार्यशाळेची कॅप्शन: पाळता येईल तेवढेच लिहिण्याची पद्धत

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा लिलाव थांबतो, आणि ज्या घरांचे रोजचे पैसे त्या लिलावातून येतात त्या घरांतल्या बायकांना दोन महिने सुकी मासळी, उसनवारी आणि होडीच्या कर्जाचे हप्ते यांचा मेळ घालावा लागतो. दापोली तालुक्यात समुपदेशक म्हणून काम करताना मी पहिली तणाव व्यवस्थापन कार्यशाळा याच बायकांसाठी ठेवली होती. तिची सोशल मीडियावरील कॅप्शन मी घाईत, एका संध्याकाळी लिहिली. त्या सात-आठ ओळींतील तीन ओळी मला पुढे पाळता आल्या नाहीत आणि एका ओळीमुळे एका बाईच्या प्रकृतीला धोका निर्माण झाला असता.

नव्याने काम सुरू करणारे समुपदेशक आणि त्यांच्यासाठी कॅप्शन लिहून देणारे मित्र, नातेवाईक किंवा संस्थेचे कार्यकर्ते यांच्यासाठी हा लेख आहे. पायरी ६ मध्ये अशाच कार्यशाळेची दुरुस्त केलेली कॅप्शन पूर्ण दिली आहे.

लिहायला बसण्यापूर्वी हाताशी काय असावे

- समुपदेशकाची पदवी, प्रमाणपत्र आणि असल्यास नोंदणीपत्र, म्हणजे नावापुढे काय लिहायचे हे कागद पाहून ठरवता येते.
- कार्यशाळेचा मिनिटांसह आराखडा.
- सहभागींच्या संमतीपत्राचा मसुदा.
- जागा किंवा पैसा देणाऱ्या संस्थेशी झालेले बोलणे, लेखी स्वरूपात.
- जवळच्या सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागाची वेळ, आणि टेलि-मानस या मोफत शासकीय मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६.

संमतीपत्र कॅप्शनच्या आधी लागते हे अनेकांना विचित्र वाटते. गोपनीयतेची ओळ मात्र संमतीपत्रातूनच उचलायची असते. आधी कॅप्शन लिहिली आणि नंतर संमतीपत्र केले, तर दोन्हींत वेगवेगळी वचने दिली जातात आणि दारात आलेल्या बाईला तो फरक सही करताना कळतो.

पायरी १: आपण कोण आहोत ते नेमके लिहा

कॅप्शन लिहून देणारा माणूस प्रेमापोटी समुपदेशकाच्या नावाआधी "डॉ." लावतो किंवा नावापुढे "मानसोपचारतज्ज्ञ" लिहितो. मानसोपचारतज्ज्ञ हा मनोविकारशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो आणि तो औषधे लिहून देऊ शकतो, समुपदेशक देऊ शकत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. तुम्ही मानसशास्त्रात किंवा समाजकार्यात पदव्युत्तर पदवी घेऊन समुपदेशन करत असाल, तर "समुपदेशक" हा शब्द आणि पदवीचे नाव एवढेच लिहा. ही एक ओळ चुकली की पुढची सगळी काळजी वाया जाते, कारण डॉक्टर समजून आलेला माणूस प्रत्येक वाक्य उपचार म्हणूनच ऐकतो.

पायरी २: निदान आणि बरे करण्याचे दावे शोधून काढा

माझ्या पहिल्या कॅप्शनची सुरुवात अशी होती: "झोप येत नाही? छातीत धडधडते? चिडचिड होते? मग तुम्ही डिप्रेशनमध्ये आहात!" आज हे वाक्य वाचताना मला वाईट वाटते. तीन लक्षणे विचारून आजाराचे नाव सांगणे हे निदानच आहे, आणि तेही न पाहिलेल्या माणसाचे. धडधड रक्तक्षयाने होते, थायरॉईडमुळे होते, हृदयाच्या आजारातही होते. ज्या बाईने आधी दवाखान्यात जायला हवे होते तिला आपण सभागृहात बोलावतो आणि तिचे दिवस वाया घालवतो. लक्षणांची यादी टाळा आणि परिस्थितीचे नाव घ्या. "बंदीच्या काळात घरखर्च आणि हप्ते यांचे टेन्शन" असे लिहिले की वाचणारी स्वतःला ओळखते आणि तिच्यावर कोणताही शिक्का बसत नाही.

दुसरा दावा क्रियापदांत लपलेला असतो. कॅप्शन कागदावर काढा आणि प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढा. "शिकू", "सराव करू", "बोलू", "यादी करू" ही क्रियापदे कार्यशाळेत काय घडेल ते सांगतात आणि ती तुमच्या हातातली आहेत. "नाहीसा होईल", "सुटका मिळेल", "मुक्त व्हाल", "बरे व्हाल" ही क्रियापदे समोरच्या माणसाच्या आयुष्यात पुढे काय होईल ते सांगतात आणि तिथे तुमचा अधिकार चालत नाही. "कायमचे", "हमखास", "अवघ्या अडीच तासांत" ही विशेषणे याच जातीची आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो, त्यामुळे यात कायद्याचीही जोखीम आहे. मला तरी मुख्य नुकसान वेगळे वाटते: ज्या बाईला अडीच तासांत बरे वाटत नाही ती स्वतःलाच दोष देते आणि पुन्हा मदत मागत नाही.

सर्वांत घातक शब्द वरवर अगदी निरुपद्रवी दिसतो: "औषधांशिवाय". माझ्या कॅप्शनमध्ये "औषधांशिवाय ताणावर मात" अशी ओळ होती. माझा हेतू एवढाच होता की आम्ही गोळ्या देत नाही. कार्यशाळेच्या दोन दिवस आधी एका बाईचा फोन आला. ती तीन वर्षे मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या घेत होती आणि विचारत होती, "ताई, तुमच्याकडे यायचं म्हणजे गोळ्या आजपासूनच बंद करू का?" मानसिक आजारावरील अनेक औषधे एकदम थांबवली तर त्रास उलटतो किंवा आजार पुन्हा डोके वर काढतो. तिने फोन केला म्हणून मला कळले, फोन न करता किती जणींनी तसा अर्थ घेतला असेल हे मला कधीच कळणार नाही. म्हणून आता मी उलट वाक्य स्पष्टपणे लिहिते: "सुरू असलेली औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका."

"मोफत ताण तपासणी" ही ओळही टाळा. प्रश्नावली भरून घेतली की गुण निघतात, गुण निघाले की सभागृहात शेजारी बसलेल्या दोघी ते एकमेकींना दाखवतात, आणि जास्त गुण आलेली बाई "मला आजार आहे" असे समजून घरी जाते. प्रश्नावलीने फक्त पुढे तपासणीची गरज आहे का याचा अंदाज येतो. तो अंदाज एकांतात सांगायचा असतो.

पायरी ३: गोपनीयतेची ओळ, तिचे चार भाग

बहुतेक कॅप्शनमध्ये "१००% गोपनीयता" असे दोन शब्द असतात. हे वचन कोणीही पाळू शकत नाही, आणि त्याची कारणे नीट समजून घेतली तरच त्याऐवजी काय लिहायचे ते सुचते.

पहिले कारण कायद्याचे आहे. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कोणी बोलून दाखवले, तर पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि समुपदेशक त्याला अपवाद नाही. कोणी जीव देण्याचे किंवा दुसऱ्याला इजा करण्याचे बोलत असेल, तर त्या जिवासाठी योग्य व्यक्तीला सांगावेच लागते. न्यायालयाने विचारले तर उत्तर द्यावे लागते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे आणि जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश असे अपवादही तिथेच दिलेले आहेत. शिवाय तो हक्क मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला उपचारांच्या संदर्भात दिलेला आहे. म्हणून खुल्या कार्यशाळेच्या कॅप्शनमध्ये "कायद्याने संपूर्ण गोपनीय" असे लिहून वजन वाढवू नका.

दुसरे कारण गटाचे आहे. एकास एक समुपदेशनात खोलीत दोनच माणसे असतात, कार्यशाळेत वीस असतात. समुपदेशक स्वतःची हमी देऊ शकते, उरलेल्या एकोणीस जणींची देऊ शकत नाही. तिला फक्त एवढे करता येते की ती सुरुवातीला सर्वांकडून शब्द घेते आणि वैयक्तिक गोष्ट सांगण्याची सक्ती कोणावर करत नाही.

तिसरे कारण आपल्या गावांचे आहे आणि शहरातून आलेल्या समुपदेशकाला ते लवकर लक्षात येत नाही. वाडीत कोण काय बोलले हे नंतर कळते, कोण कुठे गेले हे मात्र आधीच कळलेले असते. बंदरासमोरच्या सभागृहात दारासमोर कोणाची स्कूटी उभी आहे एवढ्यावरून संध्याकाळी घरात प्रश्न सुरू होतात. माझी पहिली कार्यशाळा अशाच सभागृहात होती आणि नोंदणी केलेल्या बावीस जणींपैकी नऊ जणी आल्या. नंतर एकीने सांगितले, "बोलायला हरकत नव्हती, पण आत शिरताना सगळे बघत होते." पुढच्या वेळी मी जागा दापोलीत घेतली. हर्णैहून पंधराएक किलोमीटरवर बाजार आहे, दवाखाना आहे, बँक आहे, त्यामुळे दापोलीला गेलेल्या बाईला कोणी कारण विचारत नाही. वारही गुरुवार ठेवला, कारण अनेक घरांत त्या दिवशी मासे खात नाहीत आणि सुक्या मासळीची विक्री मंद असते. गोपनीयतेची निम्मी व्यवस्था जागा आणि वार ठरवतानाच होते. कॅप्शन ती फक्त सांगते.

चौथे कारण नोंदींचे आहे आणि माझे वचन तिथेच मोडले. त्या कार्यशाळेला एका संस्थेने सभागृह आणि चहा दिला होता. कार्यक्रम संपल्यावर संस्थेच्या कार्यकर्त्याने अहवालासाठी सह्यांची यादी मागितली, मी दिली, आणि दुसऱ्या दिवशी यादीचे छायाचित्र व बसलेल्या बायकांचा फोटो संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होता. त्याने वाईट हेतूने केले नाही, अहवाल असाच पाठवायचा असतो अशी त्याची समजूत होती. चूक माझी होती, कारण कॅप्शनमध्ये "१००% गोपनीयता" लिहिताना मी त्याला काहीच विचारले नव्हते. आता मी कॅप्शन लिहिण्यापूर्वी संस्थेला एक पानी पत्र देते: अहवालात फक्त उपस्थितांची संख्या मिळेल, फोटो रिकाम्या सभागृहाचा किंवा फळ्याचा मिळेल, नावे मिळणार नाहीत. हे मान्य नसेल तर त्या संस्थेची मदत घेत नाही.

या चार कारणांतूनच ओळीचे चार भाग तयार होतात: समुपदेशक काय सांगणार नाही, गटाकडून काय अपेक्षा आहे, नोंदी आणि फोटो यांचे काय होईल, आणि अपवाद कोणते. अपवाद लिहिले तर लोक घाबरतील असे मला सांगण्यात आले होते. अनुभव तसा नाही. अपवाद एका साध्या वाक्यात लिहिले की उरलेल्या वाक्यांवर विश्वास बसतो. तपशील कार्यशाळेच्या सुरुवातीला तोंडी सांगायचा.

पायरी ४: नोंदणी कशी घ्यायची ते लिहा

कॅप्शनखाली "इच्छुकांनी कमेंट करा" असे लिहू नका. लोक भाबडेपणाने सगळे लिहून टाकतात. नवऱ्याच्या दारूबद्दल एका बाईने केलेली कमेंट मी दिसताक्षणी काढली, तोपर्यंत तिच्या नणंदेने ती वाचली होती. "ज्यांना गरज आहे त्यांना टॅग करा" हे तर त्याहून वाईट, कारण त्यात एक माणूस दुसऱ्याच्या मनःस्थितीची जाहीर घोषणा करतो.

नोंदणी फोनवर घ्या, फोन कोण उचलेल आणि कोणत्या वेळेत ते लिहा. फक्त नाव आणि क्रमांक विचारा, कारण विचारू नका. नोंदणी केलेल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप करू नका, त्यात सर्वांना एकमेकींचे क्रमांक दिसतात. प्रत्येकीला वेगळा संदेश पाठवा. अनेक घरांत एकच फोन असतो, म्हणून संदेशाचे शब्द साधे ठेवा: "तुमची गुरुवारची नोंदणी झाली आहे." हे सगळे पाळणार असाल तरच कॅप्शनमध्ये लिहा.

पायरी ५: क्रम आणि लांबी

इन्स्टाग्रामवर कॅप्शन २,२०० अक्षरांपर्यंत चालते आणि काना-मात्राही त्यात मोजल्या जातात. वाचणाऱ्याला मात्र उघडण्यापूर्वी सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, म्हणून कोणासाठी आहे ते तिथे यावे. "हा उपचार नाही" ही ओळ फोन क्रमांकाच्या वर ठेवा, कारण क्रमांक दिसला की लोक पुढे वाचत नाहीत. चेहरे असलेला जुना फोटो लावू नका. पाठमोरा फोटोही नको, वाडीत साडी आणि चाल ओळखूनही नाव सांगतात. समुपदेशन घेत असलेल्या कोणाचाही अभिप्राय मागू नका आणि छापू नका. नाही म्हणणे तिला अवघड असते.

पायरी ६: दुरुस्त कॅप्शन

पहिली कॅप्शन अशी होती: "झोप येत नाही? छातीत धडधडते? चिडचिड होते? मग तुम्ही डिप्रेशनमध्ये आहात! फक्त अडीच तासांत औषधांशिवाय ताणावर मात. १००% गोपनीयता. मोफत ताण तपासणी. कमेंट करा, मैत्रिणींना टॅग करा."

आताची कॅप्शन अशी आहे:

> मच्छीमार कुटुंबांतील आणि मासळी विकणाऱ्या महिलांसाठी: मासेमारी बंद असली तरी घरखर्च आणि हप्ते थांबत नाहीत. त्याचे टेन्शन कसे हाताळावे यावर अडीच तास एकत्र बसू.
>
> ताण व्यवस्थापन कार्यशाळा
> गुरुवार, ९ जुलै, सकाळी ११ ते दुपारी १.३०
> दापोली, वाचनालयाचे सभागृह, पहिला मजला. शुल्क नाही. २० जागा.
>
> काय करू: सावकाश श्वास घेण्याचा आणि अंग सैल सोडण्याचा सराव. आपल्या हातातल्या आणि हाताबाहेरच्या काळज्यांची वेगवेगळी यादी. मदत हवी असल्यास कोणाशी, कसे बोलावे.
>
> गोपनीयता: तुम्ही आलात किंवा काय बोललात हे समुपदेशक तुमच्या घरी, मंडळात किंवा कार्यक्रमाला मदत करणाऱ्या संस्थेला सांगणार नाही. येणाऱ्या सर्वजणींकडूनही तसा शब्द घेतला जाईल. वैयक्तिक गोष्ट सांगण्याची सक्ती नाही. फोटो आणि रेकॉर्डिंग होणार नाही. नोंदणीचे क्रमांक आठ दिवसांत काढून टाकले जातील. कोणाच्या जिवाला धोका असेल, बालकावर अत्याचार होत असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल, तर मात्र योग्य ठिकाणी कळवावे लागते.
>
> ही कार्यशाळा उपचार नाही. येथे आजाराचे निदान केले जात नाही आणि बरे होण्याची हमी दिली जात नाही. सुरू असलेली औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. त्रास जास्त असेल तर कार्यशाळेची वाट न पाहता टेलि-मानस १४४१६ वर मोफत बोला, ही सेवा २४ तास सुरू असते.
>
> नोंदणी: समुपदेशक स्वतः फोन घेतील, दुपारी २ ते ५. (नाव, पदवी, क्रमांक)
> कृपया कमेंटमध्ये वैयक्तिक माहिती लिहू नका.

यात "मन हलके होईल" असेही कुठे लिहिलेले नाही. ते व्हावे अशी माझी मनापासून इच्छा असते, पण ते मी आधी सांगू शकत नाही.

पायरी ७: प्रसिद्ध करण्यापूर्वी वाचून घ्या

या क्षेत्राशी संबंध नसलेल्या एका व्यक्तीला कॅप्शन वाचायला द्या, ती परत घ्या आणि तीन प्रश्न विचारा: तिथे काय करणार आहेत, तुम्ही गेलात हे कोणाला कळेल, आणि चालू असलेल्या गोळ्यांचे काय करायचे. मी आमच्या शेजारच्या काकूंना विचारले. दुसऱ्या प्रश्नाला त्या म्हणाल्या, "कोणालाच नाही." तेव्हा गटाविषयीचे वाक्य अपवादांच्या खाली, शेवटी होते. ते वर आणल्यावर दुसऱ्या एका वाचणारीने सांगितले, "बाई सांगणार नाही, बाकीच्यांनी सांगू नये असं ठरलंय." नेमके तेवढेच कळायला हवे होते.

पायरी ८: पाठवल्यानंतर

कॅप्शन पुढे जाताना तिच्यात भर पडते. माझ्या दुसऱ्या कार्यशाळेची कॅप्शन तिसऱ्या ग्रुपवर पोहोचेपर्यंत कोणीतरी उत्साहाने वर "तणावमुक्तीची सुवर्णसंधी" असे जोडले होते. म्हणून मजकूर प्रतिमेच्या स्वरूपातही पाठवा, दररोज एकदा शोध घ्या, आणि भर घातलेली प्रत दिसली तर पाठवणाऱ्याला फोन करून ती काढायला सांगा. कार्यशाळा झाल्यावर आठव्या दिवशी नोंदणीचे क्रमांक फोनमधून, वहीतून आणि संदेशांतून काढा. मी ती तारीख कार्यशाळेच्या तारखेसोबतच कॅलेंडरवर लिहून ठेवते.